ऐंशी तासांची रेघ

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरच्या निधनवार्तांत एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटतं. ‘कार्यालयात काम करत असतानाच हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने त्यांचे निधन झाले.’ परवा हेच वाक्य पुन्हा डोळ्यांखालून गेलं आणि त्यातला ‘झटका’ मनात अडकून बसला. झटका म्हटलं की तो बाहेरून आल्यासारखा वाटतो, वीज पडावी तसा. कोणाचा दोष नाही, कोणाला विचारायचं नाही. खाली वेळ दिलेली होती, रात्रीचे साडेदहा. पण त्या वेळी तो माणूस कार्यालयात का होता, कालही होता का, गेले तीन महिने रोजच होता का, हे त्या वाक्यात येत नाही. ते आलं असतं तर वाक्याचा अर्थच बदलला असता. पुढे ‘शेवटच्या क्षणापर्यंत कर्तव्यनिष्ठ’ असंही लिहिलेलं होतं. ते लिहिणाऱ्याने प्रेमानेच लिहिलं असणार. मला मात्र ते वाचवेना.

जपानी भाषेत या मरणाला एक शब्द आहे: कारोशी. तीन अक्षरं, तीन चित्रलिपीची चिन्हं. ‘का’ म्हणजे अति, ‘रो’ म्हणजे श्रम, ‘शी’ म्हणजे मृत्यू. भाषेच्या अंगाने पाहिलं तर यात नवल काही नाही. जपानीत मरणाचे शब्द असेच घडतात, आधी कारण आणि शेवटी ‘शी’. उपासमारीने आलेलं मरण ‘गाशी’, थंडीने गारठून आलेलं ‘तोशी’. कारोशी त्याच साच्यातून निघाला. हीच चिन्हं चिनी आणि कोरियन लोकांनीही आपापल्या उच्चारात घेतली, चिनीत ‘गुओलाओसी’ आणि कोरियनमध्ये ‘ग्वारोसा’. जपानी लोक फार काम करतात म्हणून त्यांच्याकडे असा शब्द, असं सहज म्हटलं जातं. ते मला पटत नाही. अतिश्रमाने माणसं सगळीकडे मरतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करण्यामुळे २०१६ या एका वर्षात जगभरात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसं पक्षाघाताने आणि हृदयविकाराने गेली. त्यांतल्या बहुतेकांच्या भाषेत त्या मरणाला नाव नव्हतं. तेव्हा जपानमध्ये हा शब्द कोणाला, कशासाठी हवा होता, हे पाहायला हवं. तो आपोआप रुळलेला नाही. कामगारांची नुकसानभरपाई मागणाऱ्या कागदांना तो हवा होता, म्हणून तो मुद्दाम घडवला गेला.

१९६९ मध्ये जपानमधल्या एका मोठ्या वृत्तपत्राच्या रवानगी विभागात काम करणारा २९ वर्षांचा विवाहित तरुण पक्षाघाताने गेला. कारोशीची पहिली नोंद म्हणून आज त्याच्याकडे बोट दाखवतात. पण तो गेला तेव्हा हा शब्द नव्हता. सत्तरच्या दशकात, तेलसंकटानंतर कारखान्यांनी आणि कार्यालयांनी माणसं कमी करून तेवढंच काम उरलेल्यांवर टाकलं. तेव्हा कामगारांच्या आरोग्याकडे पाहणाऱ्या काही डॉक्टरांकडे एकसारख्या तक्रारी येऊ लागल्या. तिशी-चाळिशीतला पुरुष, आधी फारसं दुखणं नाही, आणि एके दिवशी मेंदूत रक्तस्राव किंवा हृदय बंद. विधवा विचारायची, हे कामामुळे झालं ना? तेत्सुनोजो उएहाता या डॉक्टरांनी १९७८ मध्ये अशी १७ प्रकरणं व्यावसायिक आरोग्याच्या परिषदेत मांडली. १९८२ मध्ये त्यांनी आणि आणखी दोन डॉक्टरांनी मिळून लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातच ‘कारोशी’ होतं. हा वैद्यकीय शब्द आहे असा त्यांचा दावा नव्हता. शवविच्छेदनात कारोशी दिसत नाही. दिसते ती फुटलेली रक्तवाहिनी किंवा हृदयातली गुठळी, आणि ती जादा काम न करणाऱ्या माणसातही तशीच दिसते. मृत्यूच्या दाखल्यावर डॉक्टर जे लिहितो ते खरंच असतं, फक्त ते कारणांच्या साखळीतलं शेवटचं टोक असतं. ‘कारोशी’ हा शब्द साखळीच्या दुसऱ्या टोकाला हात घालतो. म्हणून उएहातांनी त्याला समाजवैद्यकीय संज्ञा म्हटलं.

१९८८ मध्ये वकिलांनी ‘कारोशी ११०’ नावाची दूरध्वनी सेवा सुरू केली. ११० हा जपानमध्ये पोलिसांना बोलावण्याचा क्रमांक. त्यामुळे नाव ऐकताच अर्थ कळायचा. शब्द परिषदेतून स्वयंपाकघरात पोहोचला तो असा. फोन करणाऱ्यांत बहुतेक मृतांच्या बायका असत. नवरा कामामुळे गेला हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. ते सांगायला एक शब्द मिळाला आणि त्या शब्दावर उत्तर देणारं कोणी फोनच्या पलीकडे मिळालं.

भरपाई मिळणं मात्र अवघड होतं, आणि ते का अवघड होतं हे समजलं की सगळा गुंता उलगडतो. जपानमध्ये प्रत्येक मालकाला कामगार अपघात विम्याचे हप्ते भरावे लागतात. कामावर हात तुटला, इमारतीवरून पडला, तर भरपाई या विम्यातून मिळते. ती द्यायची की नाही ते त्या भागातलं श्रम मानक तपासणी कार्यालय ठरवतं. १९६१ मध्ये मेंदू आणि हृदयाच्या आजारांसाठी जो नियम घातला गेला, त्यात अपघाताचाच साचा होता. आजार उद्भवला त्या दिवशी किंवा त्याच्या अगदी आधी काहीतरी विलक्षण घडलेलं असलं पाहिजे. म्हणजे गोदामाला आग लागली आणि धावपळीत माणूस कोसळला तर ठीक. पण जो वर्षाहून जास्त काळ रोज चौदा तास काम करत होता आणि पंधराव्या महिन्यातल्या एका साध्या मंगळवारी कोसळला, त्याच्या बाबतीत उत्तर ठरलेलं असे. त्या मंगळवारी विशेष काही घडलं नव्हतं, तो नेहमीचंच काम करत होता, म्हणून कामाचा संबंध नाही. नेहमीचं काम हेच मारणारं असू शकतं, ही शक्यता नियमात बसतच नव्हती. १९८७ मध्ये ही खिडकी एका आठवड्याएवढी रुंद झाली. १९९५ मध्ये आणखी थोडी. पण थकवा आठवड्यात मावत नाही. तो महिन्यांनी साठतो.

साठलेला थकवा कायद्याला मान्य करायला लावणारा खटला एका ड्रायव्हरचा आहे. विमा कंपनीच्या योकोहामा शाखेच्या व्यवस्थापकाची गाडी तो चालवायचा. पहाटे निघून साहेबांना घरून आणायचं, दिवसभर बैठकांना न्यायचं, रात्री जेवणावळी संपेपर्यंत बाहेर थांबायचं, मग साहेबांना घरी सोडून गाडी धुऊन ठेवायची. वय पन्नाशीच्या पुढे. १९८३ च्या डिसेंबरपासून त्याचा जादा कामाचा वेळ रोज सरासरी सात तासांहून अधिक होता. मे १९८४ मध्ये, आदल्या रात्री जेमतेम झोप झालेली असताना, पहाटे साहेबांना आणायला निघालेल्या त्याच्या मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झाला. श्रम कार्यालयाने भरपाई नाकारली. त्यांचे दोन्ही मुद्दे वरवर पाहता रास्त वाटतात. एक म्हणजे त्याच्या मेंदूतल्या धमनीला आधीपासून फुगवटा असणार, आणि तो कधी ना कधी फुटणारच होता. दुसरं म्हणजे ड्रायव्हरच्या कामाच्या तासांत थांबण्याचा वेळ मोठा, तेव्हा ते खरं काम नव्हेच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि निकाल लागला जुलै २००० मध्ये, सोळा वर्षांनी.

न्यायालयाने फुगवटा नाकारला नाही. तो होता, हे धरूनच चाललं. विचारलं एवढंच की तो आपल्या नैसर्गिक गतीने त्या दिवशी फुटण्याच्या टप्प्याला आला होता का. दारू-सिगारेटसारखं दुसरं ठळक कारण दिसत नव्हतं. दिसत होते ते महिनोन् महिने न मिळालेली झोप आणि साहेब कधी बाहेर येतील या टांगत्या अवस्थेत घालवलेले तास. थांबणं म्हणजे विश्रांती नव्हे. कामाच्या या भाराने मूळ आजाराला नैसर्गिक वाटचालीच्या पलीकडे ढकललं, असं न्यायालयाने म्हटलं. ‘नैसर्गिक वाटचालीच्या पलीकडे’ ही शब्दयोजना आज कारोशीच्या प्रत्येक प्रकरणाच्या मध्यभागी असते. मला ती फार प्रामाणिक वाटते. माणूस निरोगी होता आणि कामाने मारला, असं खोटं ती बोलत नाही. त्याच्या शरीरात एक कच्चा दुवा होता, आणि कामाने तो वेळेआधी तोडला, इतकंच म्हणते.

या खटल्यातला ड्रायव्हर वाचला होता. त्याने मागितली होती ती कामावर जाता न आलेल्या दिवसांची भरपाई.

निकालानंतर सरकारने तज्ज्ञांची समिती बसवली आणि १२ डिसेंबर २००१ रोजी नवे निकष निघाले. आता मागे वळून सहा महिने पाहायचं ठरलं, आणि आकडे आले. आजार उद्भवण्याआधीच्या एका महिन्यात सुमारे १०० तास जादा काम, किंवा आधीच्या दोन ते सहा महिन्यांत दरमहा सरासरी सुमारे ८० तास जादा काम असेल, तर आजाराचा कामाशी दाट संबंध धरायचा. जपानमध्ये याला ‘कारोशी रेघ’ म्हणतात. हे आकडे आले कुठून, हा प्रश्न फार कमी जण विचारतात. ते हृदयाच्या अभ्यासातून थेट आलेले नाहीत. ते आले झोपेतून. दिवसात पाच-सहा तासांपेक्षा कमी झोप बराच काळ चालू राहिली की पक्षाघात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो, असं संशोधन समितीपुढे होतं. मग प्रश्न उरला, किती काम केलं की माणसाला सहा तास झोपायला मिळत नाही? दिवसाचे २४ तास. त्यातले आठ कामाचे आणि एक जेवणाच्या सुट्टीचा, असे नऊ गेले. जाणं-येणं, जेवणखाण, आंघोळ वगैरे न टाळता येणाऱ्या गोष्टींना सरासरीने सव्वापाच तासांच्या आसपास लागतात. उरले पावणेदहा. त्यात चार तास जादा काम घातलं तर करमणूक शून्य धरूनही झोपेला पावणेसहा, म्हणजे ढोबळमानाने सहा तास मिळतात. पाच तास घातले तर पाचही धड उरत नाहीत. महिन्याचे कामाचे दिवस वीस धरा. चार गुणिले वीस ऐंशी, पाच गुणिले वीस शंभर. रेघ ती एवढीच. मध्ये कुठे मूल आजारी पडलं, आईला दवाखान्यात न्यायचं झालं, तर ते तास कुठून येणार, याचं उत्तर या वजाबाकीत नाही. ते झोपेतूनच येतात.

निकष बदलल्यावर काय झालं ते सरकारी आकड्यांत स्वच्छ दिसतं. मेंदू आणि हृदयाच्या आजारांची मान्य झालेली प्रकरणं २००१ या आर्थिक वर्षात १४३ होती. पुढच्या वर्षी ३१७ झाली. एका वर्षात जपानी माणसं दुपटीने कोसळू लागली असं काही नाही. तीच माणसं आता मोजली जाऊ लागली.

मोजणी प्रत्यक्षात कशी होते आणि कुठे मोडते, ते एका काल्पनिक माणसावर पाहू. समजा तो एका यंत्रसामग्रीच्या कंपनीत विक्री विभागात आहे. सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊला येतो, रात्री साडेनऊला निघतो. एक तास सुट्टीचा वजा केला की दिवसाचे साडेअकरा तास, पाच दिवसांचे साडेसत्तावन्न. शेवटच्या महिन्यात तो शनिवारीही पाच तास येत होता, म्हणजे आठवड्याचे साडेबासष्ट. जादा काम म्हणजे आठवड्याला ४० तासांच्या वरचं काम, मग कंपनीचा करार काहीही असो. तेव्हा आठवड्याला साडेबावीस तास जादा. महिना इथे कॅलेंडरचा नसतो, आजार उद्भवला त्या दिवसापासून मागे तीस दिवस मोजायचे. चार आठवड्यांचे ९० आणि उरलेल्या दोन दिवसांचे साडेतीन-साडेतीन मिळून ७, एकूण ९७. शंभराला तीन कमी. आता त्याआधीचा महिना पाहायचा, त्यात ७१. दोन महिन्यांची सरासरी ८४. इथे प्रकरण रेघेच्या वर आलं. तिसरा महिना ६६ चा असेल तर तीन महिन्यांची सरासरी ७८ होते आणि प्रकरण पुन्हा खाली जातं. पण त्याने बिघडत नाही, कारण दोनपासून सहापर्यंतच्या कोणत्याही एका खिडकीत ८० भरले तरी पुरतं. नवख्या वकिलाने फक्त सहा महिन्यांची सरासरी काढली तर तो हे प्रकरण हातचं घालवेल.

आता कंपनी म्हणते, शनिवारी याला कोणी बोलावलं नव्हतं, नवं उत्पादन समजून घ्यायला स्वतःच्या आवडीने यायचा. ते मान्य केलं तर चार शनिवारांचे वीस तास गेले. ९७ चे ७७ झाले, दोन महिन्यांची सरासरी ७४. सगळं प्रकरण त्या चार शनिवारांवर येऊन उभं राहतं. पत्नीला सिद्ध करायचं असतं की ती आवड नव्हती, काम होतं. साहेबांनी शुक्रवारी रात्री पाठवलेली ईमेल सापडली, ‘सोमवारी सकाळी दहाला आराखडा हवा’ अशी, तर प्रश्न मिटतो. तोंडी हुकूम नसला तरी वेळेत न संपणारं काम दिलं आणि माणूस थांबतोय हे माहीत असून थांबू दिलं, तर तो न बोललेला हुकूमच धरला जातो. पण अशी ईमेल सापडायला हवी. कागदावरची हजेरी इथे फारशी कामाची नसते, कारण पगार न मिळणारं जादा काम जपानमध्ये इतकं रुळलेलं आहे की त्याला ‘सेवा’ म्हणतात, ‘सा-बिसु झांग्यो’, आणि हजेरीपटावर संध्याकाळी सहाचीच वेळ लिहिलेली असते. काम घरी नेलं तर त्याला ‘फुरोशिकी झांग्यो’ म्हणतात. फुरोशिकी म्हणजे वस्तू बांधून न्यायचा चौकोनी कपडा, आपल्या गाठोड्यासारखा. गाठोड्यातल्या कामाची वेळ सिद्ध करणं सगळ्यांत कठीण. ज्यांना नुसतं नावापुरतं व्यवस्थापक केलेलं असतं, त्यांना तर हजेरीपटच नसतो. मग वकील संगणक सुरू-बंद झाल्याच्या वेळा, इमारतीच्या दाराची नोंद, रखवालदाराची वही, टॅक्सीच्या पावत्या असं एकेक गोळा करतात. कंपनीच्या संगणकातल्या जुन्या नोंदींवर नव्या नोंदी चढत जातात, म्हणून कधी कधी दावा करण्याआधीच न्यायालयाकडून पुरावा जपण्याचा आदेश घ्यावा लागतो. तेराव्याच्या आत असलं काही सुचणारी माणसं थोडी. बहुतेक घरांत शोक ओसरेपर्यंत अर्धा पुरावा गेलेला असतो.

२०२१ च्या सप्टेंबरमध्ये निकष थोडे सैल झाले. तास रेघेच्या जवळ असतील आणि सोबत रात्रपाळीची अदलाबदल, वारंवार दौरे, किंवा एका दिवसाचं काम संपून दुसऱ्या दिवशीचं सुरू होईपर्यंत अकरा तासही मिळत नसतील, तर सगळं मिळून पाहायचं ठरलं. हे बरं झालं. तरीही २०२३ या आर्थिक वर्षात या आजारांसाठी १,०२३ अर्ज आले आणि २१६ मान्य झाले, त्यातले मृत्यू ५८. मनाच्या आजारांची प्रकरणं वेगळी मोजतात. त्यात ८८३ मान्य झाली, त्यातल्या ७९ आत्महत्या किंवा आत्महत्येचे प्रयत्न. त्यालाही शब्द आहे, ‘कारोजिसात्सु’.

मृतांच्या नातेवाइकांनी १९९१ मध्ये देशव्यापी संघटना बांधली. त्यांच्या रेट्यामुळे जून २०१४ मध्ये संसदेने कारोशी रोखण्याचा कायदा केला, आणि तेव्हापासून नोव्हेंबर हा त्यासाठीचा महिना पाळला जातो. रस्त्यावरचा शब्द कायद्याच्या नावात आला. त्यानंतर जे झालं त्याने मात्र जीव तुटतो. २०१५ च्या नाताळच्या दिवशी टोकियोतल्या एका जाहिरात कंपनीतल्या २४ वर्षांच्या मुलीने जीव दिला. तिचा मनाचा आजार सुरू होण्याआधीच्या महिन्यात तिचं सुमारे १०५ तास जादा काम तपासणी कार्यालयाने मान्य केलं. देश हादरला आणि २०१८ मध्ये जादा कामावर पहिल्यांदाच दंडासह मर्यादा घालणारी दुरुस्ती झाली. मर्यादा महिन्याला ४५ तास, वर्षाला ३६० तास. पण मालक आणि कामगार प्रतिनिधींनी खास करार केला तर वर्षाला ७२० तासांपर्यंत, एका महिन्यात १०० च्या आत, आणि दोन ते सहा महिन्यांची सरासरी ८० च्या आत. हे आकडे ओळखीचे आहेत. मेलेल्या माणसाचं मरण कामामुळे होतं हे ठरवायला जी रेघ आखली होती, तीच जिवंत माणसाकडून किती काम घ्यायला परवानगी आहे त्याची रेघ झाली. नातेवाइकांच्या संघटनेने याला विरोध केला होता. ९९ तासांना कायदा हो म्हणतो, आणि दुसऱ्या महिन्यात कोणी कोसळलं तर तेच सरकार ते कामामुळे झालं म्हणून भरपाई देतं. ट्रकचालकांना तर २०२४ च्या एप्रिलपासून वर्षाला ९६० तासांची मुभा आहे. बाराने भागून पाहा. ऐंशी येतात.

मराठीत असा शब्द नाही असं म्हणायला गेलो आणि थांबलो. ‘भूकबळी’ आहे. त्याची बांधणी वेगळी, पण काम तेच. मेळघाटात मूल दगावतं तेव्हा दाखल्यावर न्यूमोनिया किंवा अतिसार लिहिलेला असतो, आणि तेही खरंच असतं. ‘भूकबळी’ म्हटलं की मात्र शासन सावध होतं, कारण त्या शब्दात बळी आहे, आणि बळी कोणीतरी दिलेला असतो. ‘शेतकरी आत्महत्या’ हाही असाच जोडलेला शब्द. तिथेही मरणानंतर एक चाळण आहे. तलाठ्याचा अहवाल, सातबारा नावावर होता का, कर्ज बँकेचं की सावकाराचं, वसुलीचा तगादा होता का, आणि शेवटी प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’. पात्र ठरलं तर एक लाख, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. योकोहामाच्या तपासणी कार्यालयात आणि यवतमाळच्या कलेक्टर कचेरीत बाईला विचारले जाणारे प्रश्न वेगवेगळे, पण दोन्हीकडे तिला नवऱ्याचं मरण एका शब्दात बसवून दाखवावं लागतं.

कार्यालयातल्या मरणाला मात्र आपल्याकडे ना शब्द आहे ना चाळण. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात शिशाची विषबाधा होती, सिलिकोसिस होता, अतिश्रमाने आलेला हृदयविकार नव्हता. तो ‘अपघात’ म्हणून बसवावा लागायचा. गाडीवरच्या एका क्लीनरच्या मृत्यूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितलं की कामावर असताना हृदयविकाराने मृत्यू आला एवढं पुरेसं नाही, कामाच्या ताणाने तो आला हे दावा करणाऱ्याने दाखवलं पाहिजे. किती ताण, किती तास, किती महिने मागे जायचं, याची रेघ कुठेच आखलेली नाही. २०२४ मध्ये पुण्यातल्या एका तरुण लेखापाल मुलीच्या मृत्यूनंतर तिच्या आईने कंपनीला लिहिलेलं पत्र सगळ्यांनी वाचलं. कामाचा संबंध कंपनीने नाकारला. श्रम विभागाचे अधिकारी तपासणीला गेले तेव्हा हाती लागलं ते इतकंच, की त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती. तासांचा हिशेब मागायचा तर आधी तास मोजणारा कागद असायला हवा.

जपानी वकील आता घरच्यांना सगळ्यांत आधी एक गोष्ट सांगतात. गेलेल्या माणसाचा फोन बंद करू नका, त्याचा क्रमांक रद्द करू नका. त्यात कार्यालयातून निघताना घरी पाठवलेले निरोप असतात. प्रत्येकाची वेळ आपोआप नोंदलेली असते आणि ती हजेरीपटासारखी बदलता येत नाही. मग पत्नी आणि वकील समोरासमोर बसून ते निरोप उलट्या क्रमाने उतरवून काढतात, शेवटच्या दिवसापासून मागे सहा महिने, तारीख आणि वेळ. २२:४०, आता निघतोय. २३:१५, आता निघतोय. ००:०५, शेवटची गाडी पकडतोय, तू झोप. २२:५०, आता निघतोय.